फोटो नेमका कोणत्या दिवसाचा?

ही पुस्तिका एका छोट्या कामाबद्दल आहे. रास्पबेरी पायसारख्या तळहातावर मावणाऱ्या संगणकाला कॅमेरा जोडायचा, त्याने दर पंधरा मिनिटांनी फोटो काढायचा आणि तो त्या तारखेच्या फोल्डरमध्ये ठेवून द्यायचा. जोडणी संध्याकाळभरात होते आणि आज्ञा दहा-बारा ओळींत संपतात. तरीही त्यावर आख्खी पुस्तिका लिहावी लागली, कारण आमच्याकडे हा कॅमेरा विहिरीवर बसतो. विहिरीवर बसवला की फोटो काढण्यापेक्षा त्याची तारीख अवघड जाते.

लातूर-नांदेडकडे पाण्याची गोष्ट निघाली की एप्रिल २०१६ आठवतो. तेव्हा मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं होतं. धरणात किती पाणी आहे हे रोज पेपरात येतं, पण विहिरीत किती आहे हे कुठेच येत नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणा गावोगावच्या ठरावीक निरीक्षण विहिरी वर्षातून मोजक्या वेळा मोजते. भूजलाचा मोठा कल कळायला तेवढं पुरतं. पण शेतकऱ्याला हवं असतं ते वेगळंच. मोटर चार तास चालवली तर पाणी किती उतरतं, बंद केल्यावर ते किती वेळात परत येतं, गेल्या पावसानंतर कोणत्या दिवशी झरे सुटले, ही माहिती तासातासाची असते आणि ती कुणी टिपून ठेवत नाही. गावात विहिरीची खोली आजही परसात सांगतात, आणि पाण्याचा अंदाज काठावर वाकून घेतात.

कॅमेऱ्याचं काम त्यामुळे साधंच आहे. विहिरीच्या आतल्या भिंतीवर दहा-दहा सेंटिमीटरवर ऑइल पेंटने खुणा आणि आकडे काढायचे आणि कठड्याला बांधलेल्या डब्यातून कॅमेरा त्या पट्टीवर रोखायचा. पट्टी वाचण्यात एकच खुबी आहे. टॉर्चच्या उजेडात स्थिर पाण्यात पट्टीचं प्रतिबिंब इतकं स्वच्छ पडतं की खुणा पाण्याखालीही तशाच चालू राहिल्यासारख्या वाटतात. आकडे जिथे उलटे होऊ लागतात, ती पाण्याची पातळी. म्हणून पट्टीवर नुसत्या रेघा काढू नयेत, आकडेही लिहावेत. रेघेचं प्रतिबिंब रेघच असतं, पण उलटा ४ लगेच ओळखू येतो.

साहित्याबद्दल फार लिहीत नाही, पुढच्या प्रकरणांत ते आहेच. आम्ही झीरो २ डब्ल्यू हा बोर्ड घेतला. तो २०२१च्या ऑक्टोबरात आला, वीज कमी खातो आणि या कामाला पुरून उरतो. त्याला कॅमेऱ्याची अरुंद टोकाची पट्टी लागते. कॅमेऱ्यासोबत येणारी रुंद पट्टी त्यात बसत नाही, हे दुकानात असतानाच पाहावं. फोकस आपोआप धरणारा कॅमेरा असेल तर तो फोकस बांधून टाकावा, नाहीतर रात्री डब्याच्या काचेवर बसलेला कोळीच स्पष्ट दिसतो आणि मागची पट्टी धुरकट. उजेडाला किडे येतात आणि किड्यांपाठोपाठ कोळी. आठवड्याला एकदा काच पुसण्याला पर्याय नाही.

फोल्डर का, हेही इथेच सांगतो. पंधरा मिनिटांना एक म्हणजे दिवसाला ९६ आणि वर्षाला ३५,०४० फोटो. एवढे एकाच जागी टाकले तर उघडताना संगणक रखडतो आणि शोधताना माणूस. म्हणून वर्ष, त्यात महिना, त्यात तारीख. एका फोटोला पाऊण ते एक एमबी धरली तर ३२ जीबीचं कार्ड साधारण वर्षभराच्या आत भरतं. त्यामुळे अधूनमधून फोटो काढून घ्यावे लागतात, आणि तारखेचं फोल्डर असलं की नेमकं कुठपर्यंत उतरवून घेतलं हे लगेच कळतं.

आता मुख्य प्रश्न. तारीख सांगतो कोण?

भिंतीवरच्या घड्याळात सेल असतो, मोबाइलला नेटवर्क असतं. झीरो २ डब्ल्यूमध्ये यातलं काहीच नसतं. वीज गेली की त्याचं घड्याळ थांबतं. पुन्हा सुरू झाल्यावर शेवटी कार्डावर लिहून ठेवलेली वेळ उचलून तो तिथून पुढे चालू लागतो, आणि इंटरनेट मिळालं की खरी वेळ विचारून घेतो. घरात, वायफायजवळ हे कुणाच्या लक्षातही येत नाही. शेतात मात्र लाईट जाते आणि रेंजही जाते, बहुधा दोन्ही एकाच वेळी.

एक रात्र घेऊन बघू. संध्याकाळी ६.५० ला लाईट गेली. बोर्डाने वेळ शेवटची लिहून ठेवली होती ६.१७ ला, कारण ती तासाला एकदाच लिहिली जाते. रात्री १.१० ला लाईट आली. बोर्ड जागा झाला आणि त्याच्या मते वाजले होते संध्याकाळचे ६.१७. तेरा मिनिटांनी, म्हणजे खऱ्या १.२३ ला, त्याने साडेसहाचा फोटो काढला. त्या नावाचा फोटो फोल्डरमध्ये आधीच होता, उजेडातला, खरोखरच साडेसहाचा. बोर्डाने काही न विचारता त्याच्यावर नवा फोटो लिहिला. १.३८ ला पावणेसातचाही तसाच गेला. १.५३ चा फोटो सात वाजताच्या नावाने ठेवला गेला. त्या वेळी खरं तर बोर्ड बंद होता. दोन वाजता रेंज आली आणि घड्याळ एकदम जवळजवळ सात तास पुढे सरकलं. सव्वादोनचा फोटो पुढच्या तारखेच्या फोल्डरमध्ये अगदी व्यवस्थित पडला.

सकाळी फोल्डर उघडणाऱ्याला काय दिसतं? सव्वासहाला उजेड, साडेसहाला गडद अंधार. आणि साडेसहापासून सातपर्यंत पाणी दोन खुणा खाली. ऑटो स्टार्टर लावलेला असेल तर लाईट आल्याबरोबर रात्री एकला मोटर सुरू झालेली असते, आणि पाणी उतरतंय ते त्यामुळे. पण फोल्डर सांगतं की मोटर संध्याकाळी चालली, लाईट गेल्यावरही. शिवाय संध्याकाळचे दोन खरे फोटो कायमचे गेले. हे चोरी किंवा मोटर बिघडल्यासारखं दिसतं आणि त्यावरून घरात भांडणं होऊ शकतात. खरं कारण एवढंच की बोर्डाला वेळ माहीत नव्हती, तरी त्याने अंदाजाने सांगितली.

ही चूक ओळखायची खूण म्हणजे उजेड. दिवस मावळायच्या वेळी दोन शेजारी फोटोंत उजेड पायरीसारखा तुटला, किंवा एका फोल्डरमध्ये अचानक खंड पडला, तर आधी वीज तपासावी. बोर्डाच्या नोंदी कार्डावर जपल्या जात असतील तर `journalctl --list-boots` दिलं की तो केव्हा केव्हा चालू झाला याची यादी मिळते. मात्र त्या यादीतल्या वेळाही त्याच चुकलेल्या घड्याळाच्या असू शकतात. म्हणून किती वाजता यापेक्षा किती वेळा चालू झाला, एवढंच त्यातून घ्यावं.

उपाय दोन. पहिला पैशाचा. सेल असलेलं डीएस३२३१ घड्याळाचं छोटं मॉड्यूल बोर्डाला जोडायचं. वीज असो नसो, ते वेळ धरून ठेवतं. सामान्य तापमानात वर्षाला साधारण मिनिटभराचाच फरक पडतो. एप्रिल-मेमध्ये बंद डब्यात चाळीसच्या वर पारा जातो तेव्हा फरक थोडा वाढतो, पण विहिरीच्या हिशेबाला तो चालतो. बोर्डाच्या `config.txt` मध्ये `dtoverlay=i2c-rtc,ds3231` ही एक ओळ घातली की बोर्ड ते घड्याळ ओळखतो. रास्पबेरी पाय ५ मध्ये घड्याळ बोर्डावरच आहे, पण त्याचा सेल वेगळा घ्यावा लागतो. सेल नसेल तर तेही वीज गेल्यावर थांबतं.

दुसरा उपाय फुकट आहे आणि मला तोच जास्त आवडतो. घड्याळ बरोबर आहे की नाही हे बोर्डाला माहीत असतं. ते आधी विचारायचं. बरोबर नसेल तर तारखेच्या फोल्डरमध्ये फोटो टाकायचाच नाही.

```
#!/bin/bash
mool=/home/vihir/photo
t=$(date +%s)
if [ "$(timedatectl show -p NTPSynchronized --value)" = yes ]; then
  d=$mool/$(date -d @$t +%Y/%m/%d)
  n=$(date -d @$t +%Y%m%d-%H%M%S)
else
  d=$mool/velnahi/$(cut -c1-8 /proc/sys/kernel/random/boot_id)
  n=$(cut -d. -f1 /proc/uptime)
fi
mkdir -p "$d"
rpicam-still -n -t 2000 -o "$d/$n.jpg"
```

वेळ जुळलेली असेल तर फोटो तारखेच्या फोल्डरमध्ये जातो. नसेल तर `velnahi` मध्ये, आणि तिथे त्याचं नाव तारखेचं नसून 'चालू झाल्यापासून इतके सेकंद' असं असतं. प्रत्येक वेळी बोर्ड चालू झाला की त्याला नवी ओळख मिळते. तिची पहिली आठ अक्षरं फोल्डरला दिली आहेत, म्हणून आजचा फोटो कालच्यावर लिहिला जात नाही. हे सेकंद बोर्ड चालू झाल्यापासून सरळ मोजले जातात. मागाहून घड्याळ पुढे ढकललं तरी त्यांना धक्का लागत नाही.

वरच्या रात्रीत ही युक्ती कशी चालते ते बघा. साडेसहाच्या नावाखाली गेलेला पहिला फोटो आता `780.jpg` होतो, कारण तेरा मिनिटं म्हणजे ७८० सेकंद. दोन वाजता रेंज आल्यावर, बोर्ड त्यानंतर बंद पडला नसेल तर, `uptime -s` विचारलं की तो सांगतो: चालू झालो १.१० ला. १.१० मध्ये ७८० सेकंद मिळवले की १.२३. उरलेले दोन्ही फोटो याच हिशेबाने त्यांच्या खऱ्या तारखेत हलवता येतात. रात्रभर रेंज आलीच नाही आणि पहाटे लाईट पुन्हा गेली, तर मात्र त्या फोल्डरला तारीख कधीच मिळत नाही. ते `velnahi` मध्येच राहतं, आणि त्याने तिथेच राहावं. खोट्या तारखेच्या फोटोपेक्षा बिनतारखेचा फोटो बरा. त्यावरून पाणी किती वेळात किती उतरलं हे तरी कळतं, ते कोणत्या दिवशी एवढंच कळत नाही.

एक गोष्ट पाहून दचकू नये. रेंज गेल्यावर साधारण नऊ तासांनी बोर्ड 'वेळ जुळलेली नाही' असं म्हणू लागतो. घड्याळ तेव्हाही बहुधा बरोबरच असतं, पण फोटो `velnahi` मध्ये पडू लागतात. यात हरवत काही नाही, रेंज आल्यावर वरच्याच हिशेबाने ते परत मिळतात. सेलचं मॉड्यूल लावलं असेल तर ही तपासणी काढून टाकावी, नाहीतर घड्याळ असून बोर्ड ते नाही म्हणत राहील.

दर पंधरा मिनिटांनी ही आज्ञा चालवायचं काम `crontab` करतो:

```
*/15 * * * * /home/vihir/foto.sh
```

आज्ञा वेगळ्या फाइलमध्ये ठेवली आहे, त्याला कारण आहे. `crontab` मध्ये थेट `date +%Y` लिहिलं तर `%` ला तो ओळीचा शेवट समजतो. फोटो निघत नाही आणि का ते पडद्यावर दिसतही नाही. नव्या माणसाची पहिली रात्र बहुधा यातच जाते.

घड्याळ जुळलं तरी तारखेचा प्रश्न संपत नाही. कार्ड तयार करताना वेळेचा पट्टा भारताचा निवडला नाही तर बोर्ड आपोआप लंडनच्या वेळेवर चालतो. मग फोल्डर बदलतं मध्यरात्री नाही, तर हिवाळ्यात सकाळी साडेपाचला आणि उन्हाळ्यात साडेचारला. मार्चच्या शेवटच्या रविवारी, लंडनचं घड्याळ तासभर पुढे सरकतं तेव्हा, फोटोंच्या वेळांत तासाभराची पोकळी दिसते. खूण सोपी आहे. 'आज'च्या फोल्डरमधल्या पहिल्या काही फोटोंतच फटफटलेलं दिसत असेल तर पट्टा चुकला आहे. `sudo timedatectl set-timezone Asia/Kolkata` एवढं केलं की झालं, पण आधीचे फोटो हलवायचे ते हातानेच.

त्याहून खोल प्रश्न विहिरीचाच आहे. शेतीपंपाची थ्री फेज लाईट पाळीने येते, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री. आता काही भागांत सौर वाहिनीमुळे ती दिवसाच मिळते, पण सगळीकडे नाही. रात्रीची पाळी दहा ते सहा अशी असेल तर एकाच उपशाचे आठ फोटो एका तारखेत आणि उरलेले पुढच्या तारखेत पडतात. मध्यरात्री विहिरीत काहीच घडत नाही, नुसतं फोल्डर बदलतं. पावसाचं तर आणखी वेगळं. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो आणि मागच्या चोवीस तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेला लावला जातो. म्हणजे ११ तारखेच्या संध्याकाळी झोडपून गेलेला पाऊस वहीत १२ तारखेला दिसतो, आणि विहिरीच्या फोटोत तो ११ च्या फोल्डरमध्ये. दोन्ही तारखा बरोबर असूनही शेजारी ठेवल्या की वाटतं पाणी पावसाच्या आधीच वाढलं.

यावर काही जण फोल्डरचा दिवसच साडेआठला सुरू करतात. वेळेत ठरावीक सेकंद मिळवून किंवा वजा करून ते जमतं. मला हे पटत नाही. महिन्याभराने फोल्डर उघडणाऱ्याला त्यातली तारीख कॅलेंडरचीच वाटते, आणि त्याला हा करार कुणी सांगितलेला नसतो. म्हणून या पुस्तिकेत फोल्डर कॅलेंडरच्या दिवसाचं ठेवलं आहे आणि फाइलच्या नावात पूर्ण तारीख, तास, मिनिट, सेकंद दिले आहेत. फोटो सापडावा म्हणून फोल्डर, हिशेब मात्र नावावरून. उपसा दहा ते सहाचा असेल तर दोन्ही फोल्डरांतले फोटो नावांनी एका ओळीत लावावेत आणि पावसाशी ताडताना साडेआठ ते साडेआठ असा तुकडा कापावा.

त्या ओळीतून काय निघतं त्याचा एक नमुना. सहा मीटर व्यासाची विहीर, मोटर सकाळी सहाला बंद. आठ वाजेपर्यंतच्या फोटोंत पाणी २४ सेंटिमीटर वर आलं, म्हणजे तासाला १२. अशा विहिरीच्या पाण्याचं क्षेत्र सव्वाअठ्ठावीस चौरस मीटर भरतं, म्हणजे झऱ्यांतून तासाला सुमारे ३,४०० लिटर पाणी येतंय. पाणी जसजसं मूळ पातळीकडे येतं तसा हा वेग मंदावतो, म्हणून पहिल्या दोन तासांचा आकडा दिवसभराला लावू नये. त्या सकाळी आणखी दोन तास मोटर चालवावी की नको, हे या आकड्यावरून ठरवता येतं. आणि फोटोंच्या वेळा अर्ध्या तासाने चुकल्या, तर हाच आकडा हजार लिटरने हुकू शकतो.

नांदेडात गोदाकाठी हीच मांडणी पुराच्या पाण्यासाठी करता येते. विष्णुपुरीचे दरवाजे उघडले की पाणी घाटाच्या किती पायऱ्या चढलं हे रात्रीही दिसतं. तिथे वीज आणि रेंज बरी मिळते, म्हणून घड्याळाचा त्रास कमी. अडचण उजेडाची आहे. विहिरीत टॉर्च पुरतो, नदीवर नाही, आणि पुराच्या वेळी डबा वाहून जाऊ नये म्हणून तो जितका वर बांधाल तितक्या पायऱ्या बारीक दिसतात. ही पुस्तिका नदीसाठी लिहिलेली नाही. ज्यांना ते करायचं आहे त्यांनी फोल्डर आणि घड्याळाची प्रकरणं वाचावीत, बाकी सोडून द्यावं.

शेवटी बसवण्याच्या दिवसाबद्दल. डबा बांधून झाला, पट्टी रंगवून वाळली की मोबाइलवर सेकंदांसह मोठं घड्याळ लावावं आणि कॅमेऱ्याच्या चौकटीत, फोकस बांधला आहे त्या अंतराच्या जवळपास, काठीला बांधून धरावं. पुढचा फोटो निघाला की त्यातलं मोबाइलचं घड्याळ आणि फाइलचं नाव ताडून बघावं. फोटो आज्ञेनंतर दोन-चार सेकंदांनी निघतो, म्हणून मोबाइल तेवढा पुढे दिसेल. ते ठीक आहे. मग वीज मुद्दाम काढावी, वायफाय बंद करून पुन्हा जोडावी, आणि येणारा फोटो `velnahi` मध्ये जातो का ते तिथेच उभं राहून बघावं. तो तारखेच्या फोल्डरमध्ये गेला तर आज्ञेतली `if` ची ओळ पुन्हा तपासावी, आणि ती दुरुस्त होईपर्यंत डब्याचं झाकण लावू नये.